ऑनलाइन औषध निम्म्या भावात दिसलं तर आधी हिशोब करा

भातावर खोडकिडा दिसायला लागला की आपल्या इगतपुरी-घोटीकडे मोबाईलवर औषधाचे भाव बघणं सुरू होतं. बघायला काही हरकत नाही. 2022 च्या नोव्हेंबरपासून परवानाधारक विक्रेत्याला कीटकनाशक ऑनलाइन विकायला केंद्र सरकारने मुभा दिली आहे. पण स्वस्त दोन तऱ्हेचं असतं, आणि तिथंच माणूस फसतो.

क्लोरँट्रानिलीप्रोल 18.5 टक्के घ्या, म्हणजे आपण ज्याला कोराजन म्हणतो ते. त्याचं पेटंट ऑगस्ट 2022 मध्ये संपलं. मग तोच घटक दुसऱ्या कंपन्यांनी आपापल्या नावाने कमी भावात आणला. हे स्वस्त खरं आहे. पण त्याच कंपनीची, त्याच नावाची, तेवढीच बाटली दुकानापेक्षा निम्म्या भावात मिळत असेल तर थांबा.

हिशोब सोपा आहे. समजा दुकानात बाटली 800 ला आहे. ऑनलाइनवाल्याला ती घाऊक 700 ला पडली असं धरू. त्यावर पार्सलचे 50 आणि वेबसाइटचं कमिशन 40. झाले 790. मग तो 350 ला कशी देतो? घरचे 440 घालून कोणी धंदा करत नाही. 50-60 रुपयांचा फरक समजू शकतो, निम्म्याचा नाही. आणि खोडलेल्या एमआरपीवर ‘70 टक्के सूट’ बघून भुलू नका. एमआरपी दुकानाच्या भावापेक्षा चढीच छापलेली असते. तुलना करायची ती दुकानदाराच्या चालू भावाशी, तेही त्याच कंपनीच्या मालाची.

पाण्यात टाकून बघू म्हणाल, तर नकली औषधही पाण्यात पांढरं होतं. लेबल हुबेहूब छापता येतं. खऱ्या रिकाम्या बाटलीत भलतंच भरून विकता येतं, म्हणून फवारणी झाली की बाटली तीनदा धुवून तिला भोक पाडा. घेण्याआधी विक्रेत्याचं नाव, पत्ता आणि परवाना बघा. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. सील, नोंदणी क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत तपासा. बॅच नंबर कंपनीच्या प्रतिनिधीला विचारा. बिल नसेल तर बाटली उघडूच नका. शंका आली तर तालुका कृषी अधिकाऱ्याला कळवा. ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

माझं मत असं, की इथं वाचलेले 450 रुपये हे वाचलेले नसतातच. एकरी 60 मिली औषध लागतं. ते नकली निघालं तर कळेपर्यंत आठ-दहा दिवस जातात. तोवर अळी खोडात शिरलेली असते, मग खरं औषध मारूनही ती सापडत नाही. गाभा मरतो, पुढे पळींज पडते. बाटलीचे पैसे एखाद वेळी परत मिळतील, पण फवारणीची वेळ कोणी परत देत नाही.