दोन खोकी आणि एक बटण

चिंचवडहून चाकणला टेम्पो जायला रस्ता मोकळा असेल तर पाऊण तास लागतो, आणि मोशीला अडकला तर काही सांगता येत नाही. या मधल्या वेळात टेम्पोतला माल कुठल्या शाखेचा? चिंचवडच्या स्टॉकमधून तो गेलेला असतो, चाकणला पोचलेला नसतो. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये तिसरी एक जागा असते: इन ट्रान्झिट, म्हणजे वाटेतला माल. माल निघाला की चिंचवडचा आकडा कमी होऊन इथे जमा होतो, आणि चाकणने पावती केली की इथून निघून तिकडे जातो. इथवर सोपं आहे. भानगड सुरू होते ती मोजलेला माल चलानाशी जुळत नाही तेव्हा.

काही वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी मी ही स्क्रीन लिहिली होती. स्टोअरकीपरची कटकट नको म्हणून पावतीच्या पानावर एक बटण दिलं: 'फरक मिटवा'. दाबलं की कमी आलेले नग तोट्यात जायचे आणि ऑर्डर बंद. सगळे खूश होते.

मग एकदा चिंचवडहून ऑइल सीलची ४८ खोकी निघाली, प्रत्येकी २५ नग, म्हणजे १२०० नग. चाकणला ४६ खोकी भरली, ११५० नग. स्टोअरकीपरने बटण दाबलं, ५० नग तोट्यात गेले, आणि नगाला ९० रुपये या हिशोबाने ४५०० रुपये टेम्पोवाल्याच्या भाड्यातून कापले. तीन आठवड्यांनी चिंचवडला स्टॉक मोजताना ५० सील जास्त निघाले. ती दोन खोकी टेम्पोत चढलीच नव्हती! तिथल्या माणसाने ते ५० 'जादा सापडले' म्हणून जमा केले. कंपनीचा एकूण आकडा बरोबर आला, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही. एकीकडे तोटा, दुसरीकडे नफा, दोन्ही नोंदी खोट्या, आणि भाडं कापलं गेलं ते गेलंच.

माझं आता ठाम मत आहे की पावती करणाऱ्याच्या हातात फरक मिटवायचा अधिकार नसावा. त्याने फक्त मोजावं आणि मोजलं ते लिहावं. ११५० आले तर ११५० चाकणला जमा, आणि उरलेले ५० वाटेतच, त्याच ऑर्डरच्या त्याच ओळीवर, उघडे. तिथून बाहेर पडायचे रस्ते तीनच ठेवायचे. चिंचवडला सापडले तर माघारी चिंचवडला जमा. चाकणलाच दुसऱ्या रॅकवर सापडले तर उरलेली पावती. आणि दोन्हीकडे शोधून मिळाले नाहीत तरच तोटा, तोही कारण लिहून आणि दोन्ही शाखांच्या वरच्या माणसाच्या सहीने. वरच्या गोष्टीत पहिला रस्ता उघडा असता तर चिंचवडला जादा सापडल्यावर 'हे कुठल्या ऑर्डरचे?' हा प्रश्न स्क्रीननेच विचारला असता.

'त्याच ओळीवर' हे मुद्दाम म्हणतोय. बरेच जण वाटेतला माल आयटमप्रमाणे एकत्र धरतात. मग सोमवारच्या ऑर्डरमध्ये ५० कमी आणि गुरुवारच्या ऑर्डरमध्ये ५० जास्त आले की बेरीज शून्य, आणि दोन्ही चुका गायब.

जास्त आलेल्या मालाचंही तसंच. चलानापेक्षा जास्त घ्यायचं नाही असा अडथळा स्क्रीनवर टाकला, तर जादा खोकं कोपऱ्यात बिननोंदीचं पडून राहतं. त्यापेक्षा पावती घ्या, त्या ओळीची शिल्लक उणे दिसू द्या, आणि पाठवणाऱ्याला जबाब द्यायला लावा. एका आयटममध्ये कमी आणि त्याच गाडीतल्या दुसऱ्यात तेवढंच जास्त दिसलं, तर आधी लेबलची अदलाबदल तपासा, चोर नंतर शोधा.

अकाउंट्सवाले म्हणणार, महिनाअखेर वाटेत माल लटकलेला दिसतो. बरोबर आहे, दिसायलाच हवा. सॅपमध्ये त्यासाठी `MB5T` हा रिपोर्टच आहे. पाऊण तासाच्या रस्त्यावर तीन दिवसांपेक्षा जुनं काही दिसलं की फोन लावायचा. शिवाय माल हरवला असं लिहिलं, की जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) नुसार त्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट परत करावं लागतं. म्हणजे घाईने लिहिलेल्या खोट्या तोट्याला खरे पैसे लागतात.

एक सूट मी देतो. नट-बोल्टसारखा वजनावर मोजला जाणारा माल असेल तर काट्याच्या फरकाएवढी मर्यादा ठरवून तेवढं आपोआप मिटू द्यावं, पण वेगळ्या कारणाखाली, म्हणजे महिन्याची बेरीज बघता येते.

बाकी ठिकाणी ते बटण काढून टाका. मी काढलं. टेम्पोवाल्याचे ४५०० परत द्यायला लावले, पण तोपर्यंत तो दुसरीकडे गाडी लावायला लागला होता.