सागरी महामार्गावर सायकलला जागा किती?

रेवस ते रेडी. कोकण किनाऱ्याच्या या रस्त्याची कल्पना अंतुले मुख्यमंत्री असतानाच्या काळातली, म्हणजे आपल्या आईबाबांच्या शाळेच्या दिवसांतली. आता राज्य रस्ते विकास महामंडळाने या मार्गावरच्या मोठ्या खाड्यांवर पूल बांधण्याचं काम हाती घेतलंय. बातम्यांत वाचतो आपण की गाडीने गोव्याला किती तास वाचणार. पण दर डिसेंबरात कॉलेजची पोरं कॅरियरला बॅगा बांधून याच रस्त्याने निघतात. त्यांच्यासाठी या पुलांचा अर्थ वेगळा आहे. तो कळायला आधी ही टूर आखायची कशी, ते बघावं लागेल.

मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडतंय, अवजड वाहनंही तिथेच. त्यामुळे सायकलवाले किनाऱ्याचा रस्ता धरतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा गाठायचं आणि तिथून रत्नागिरीपर्यंत सहा दिवस. पहिला मुक्काम मुरुड-जंजिरा, मग हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, गणपतीपुळे आणि शेवटी रत्नागिरी. सगळं मिळून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. (दापोलीजवळही एक मुरुड आहे. खोली बुक करताना कुठलं मुरुड ते दोनदा विचारा.)

आता तुम्ही म्हणाल, दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर म्हणजे काहीच नाही. पुण्यातून रविवारी सकाळी लोक शंभर मारून येतात. खरंय, पण इथे अंतर फसवतं. कोकणात रस्ता खाडीपाशी समुद्रसपाटीला येतो, मग वर सड्यावर चढतो आणि पुढच्या गावात पुन्हा खाली उतरतो. दिवसभर हेच.

तिसरा दिवस हिशेबाला घेऊ. हरिहरेश्वरहून बागमांडला, तिथे फेरीबोटीने वेश्वी, मग वेळास, केळशी, आडे, आंजर्ले आणि हर्णै. अंतर साधारण पन्नास किलोमीटर. सामानासह सपाटीवर ताशी पंधराचा वेग धरला तर सव्वातीन तास झाले. मॅपिंगचं ॲप मार्गाची एकूण चढाईही दाखवतं. समजा ती ८०० मीटर आली, तर दर ४०० मीटरला एक तास जास्तीचा धरा. म्हणजे आणखी दोन तास. बोटीची वाट आणि चढणं-उतरणं मिळून एक तास, खाणं आणि थांबे दीड तास. झाले पावणेआठ तास. सकाळी साडेसहाला निघालात तर सव्वादोनला हर्णै. नऊला निघालात तर सगळे चढ भर उन्हात, आणि एखादं पंक्चर झालं की शेवटचे उतार अंधारात. म्हणून आखताना किलोमीटर नाही, तास मोजायचे.

दुसरा हिशेब बोटीचा. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा चार फेऱ्या या प्रवासात लागतात. दाभोळची जंगल जेट्टी २००३ पासून चालू आहे. ती पाण्यातून काही मिनिटांत पलीकडे नेते. ती चुकली तर दापोली, खेड, चिपळूण असं फिरून गुहागरला जायला शंभरावर किलोमीटर पडतात, म्हणजे दोन दिवस गेले. त्यामुळे फेरी दिवसाच्या मध्यावर येईल असं बघा आणि मुक्काम खाडी ओलांडून पलीकडे ठेवा. शेवटच्या बोटीच्या भरवशावर संध्याकाळी जेट्टीवर पोचणं म्हणजे जुगार आहे.

सायकलचं काय बघायचं? दोन गोष्टी आधी, कारण या रस्त्यावर तिथेच गडबड होते. एक म्हणजे ब्रेक. सड्यावरून गावात उतरणारी वळणं तीव्र आणि त्यांच्यावर बारीक लाल माती. लिव्हर हँडलबारला टेकेपर्यंत दाबला जात असेल तर केबल ताणून घ्या. रिमब्रेक असेल तर पॅडवरच्या खाचा दिसतात का बघा, खाच गेली म्हणजे पॅड संपलं. डिस्कचं पॅड एक मिलिमीटरपेक्षा पातळ असेल तर निघण्याआधी बदला.

दुसरं मागचं चाक. सामान मागे बसतं, त्यामुळे मागचेच स्पोक तुटतात, बहुतेक वेळा चेनच्या बाजूचे. प्रत्येक स्पोक बोटाने छेडून बघा. एकाच बाजूच्या स्पोकांचा आवाज साधारण सारखा यायला हवा, एखादा ‘ठप्प’ वाजला तर तो सैल आहे. मग चाक उचलून फिरवा, ते डावी-उजवीकडे डुलत असेल तर दुकानात नेऊन ट्रू करून घ्या. हे निघायच्या आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी करा. मग सामान लादून एकदा चाळीस किलोमीटर फिरून या. कॅरियरचे बोल्ट तेव्हाच सैल होतात आणि कळतात.

किटमध्ये दोन ट्यूब, पंक्चरचे पॅच आणि सोल्यूशन, टायर लिव्हर, पंप, ॲलन की, चेन ब्रेकर आणि चेनची जोडकडी. शिवाय आपल्याच चाकाच्या मापाचे दोन-तीन स्पोक आणि आपल्याच मॉडेलचा गिअर हँगर. या शेवटच्या दोन गोष्टी वाटेतल्या गावात मिळणार नाहीत. बाकी पंक्चरवाला जवळपास प्रत्येक बाजारपेठेत असतो, पण त्याच्या हवेची नळी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हची. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर पितळेचं छोटं ॲडॉप्टर खिशात ठेवा. आणि नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून बोट जपून फिरवा. ट्रकच्या फाटलेल्या टायरमधली केसासारखी तार आत अडकलेली असते. ती काढली नाही तर दहा मिनिटांत पुन्हा पंक्चर.

राहायला घरगुती खोल्या मिळतात. शनिवार-रविवारी मात्र भाडं चढतं आणि एकट्याला खोली द्यायला लोक काचकूच करतात. म्हणून टूर सोमवारी सुरू करून शनिवारी संपवा. आठवड्याच्या मधल्या दिवसांत उलटी अडचण, घरात पाहुणेच नसतात म्हणून स्वयंपाक टाकलेला नसतो. दुपारीच फोन करून किती जण, शाकाहारी की मासे, ते सांगा. सायकल पडवीत आत घेता येईल का, तेही तेव्हाच विचारून घ्या. परतीला रत्नागिरी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात सायकल बुक करावी लागते, त्यासाठी गाडीच्या बरंच आधी पोचा.

आता पुन्हा पुलांकडे. पूल झाले की बोटीची वाट बघणं संपेल, तिसऱ्या दिवसाच्या आपल्या हिशेबातला एक तास वाचेल. पण पुलावर सायकलला सोडणार का? मुंबईतल्या अटल सेतूवर दुचाकी, रिक्षा आणि संथ वाहनांना बंदी आहे. वांद्रे-वरळी सी लिंकवरही दुचाकी चालत नाही. पणजीत मांडवीवरच्या नव्या पुलावर दुचाकींना मनाई आहे, पण तिथे शेजारी जुने पूल आहेत, म्हणून कुणाचं अडत नाही. दाभोळच्या खाडीला शेजारचा जुना पूल नाही, फक्त जंगल जेट्टी आहे. गाड्या पुलावरून जायला लागल्या की बोटीला पुरेसं भाडं मिळणार नाही, आणि भाडं नसेल तर ती किती दिवस चालेल? बोट बंद आणि पुलावर बंदी, असं झालं तर पन्नास किलोमीटरच्या दिवसाचे दीडशे होतील. आणि हे फक्त डिसेंबरात येणाऱ्या आपल्यासारख्यांचं नाही. धोपाव्याहून पलीकडच्या बाजारात सायकल घेऊन जाणाऱ्याला पर्यायी रस्ता खेड-चिपळूणचाच आहे.

कडेला दीड-दोन मीटरची वेगळी पट्टी ठेवायची की नाही, हे पुलाच्या आराखड्यातच ठरतं. खांब उभे राहिल्यावर रुंदी वाढवता येत नाही. त्यामुळे महामंडळाला विचारायचं असेल तर आत्ताच विचारावं लागेल, आणि माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.