कलम १५ आणि आपली जीभ
१६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून परतणाऱ्या कॉम्रेड गोविंद पानसरेंवर आपल्या कोल्हापुरात गोळ्या झाडल्या. २० ला ते गेले. शहर त्याला आजही फक्त ‘हत्या’ म्हणतं. यूएपीएचं कलम १५ वाचा: बॉम्ब-बंदुकीसारखी साधनं, आणि लोकांत किंवा त्यांच्या एखाद्या गटात दहशत बसवण्याचा हेतू. धर्माचा उल्लेखच नाही. आरोपींची नावं आपल्यासारखी असती, तर शब्द शोधायला कुणी थांबलं असतं?

पण दोस्तांनो, फूटपट्टी आपल्यालाही तीच. बेकारी, अपमान, पोलिसांचा जाच हजारोंच्या वाट्याला येतो. बंदूक एखादाच उचलतो. मधे त्याला जुन्या मित्रांपासून तोडणारा, रागाला शत्रू नेमून देणारा कुणीतरी भेटलेला असतो. ‘अन्याय झाला ना’ म्हणून त्या माणसाला मी सूट देणार नाही.