‘कळवतो’ म्हणाले, पण कळवलंच नाही!

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यात सांगलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं. बी. कॉम. झालेली, लग्नाआधी चार वर्षं हिशेबाचं काम केलेली. पण मुलं झाल्यावर नोकरी सुटली. आता धाकटा शाळेत जायला लागल्यावर तिनं एका खाजगी शाळेत लेखा सहायकाच्या जागेसाठी अर्ज केला. मंगळवारी, १० तारखेला मुलाखत झाली, छान झाली. निघताना कार्यालयातल्या बाई म्हणाल्या, “शुक्रवारी २० तारखेपर्यंत कळवतो हं.” २० गेली, २१ गेली, रविवारही गेला. घरात सासूबाई रोज विचारतायत, “काय गं, आलं का काही?” आणि ही म्हणते, “ताई, विचारू का? विचारलं तर गरजू वाटेन, नाही विचारलं तर राहूनच जाईल.”

विचारायला हरकत काहीच नाही. तारीख त्यांनी दिली होती, आपण मागितली नव्हती. ती उलटल्यावर विचारणं म्हणजे हात पसरणं नव्हे. पण कधी, कुणाला आणि कोणत्या शब्दांत विचारायचं, याला थोडी रीत आहे.

आधी घरचीच तपासणी करा. आपल्याकडे अर्जात पुष्कळदा यजमानांचा मोबाइल नंबर दिलेला असतो. अनोळखी नंबरचा फोन त्यांनी कामाच्या गडबडीत घेतलेला नसतो आणि घरी सांगायचंही राहून जातं. तेव्हा त्यांना विचारा. ई-मेलमधला स्पॅमचा कप्पाही उघडून बघा. कार्यालयाची पत्रं तिथे जाऊन पडल्याची उदाहरणं काही कमी नाहीत. मुलाखतीला बोलावलेलं पत्र नीट वाचा, त्यात वेगळी तारीख तर नाही ना? आणि पुढच्या वेळी कुणी “पुढच्या शुक्रवारी” असं मोघम म्हणालं, तर तिथेच हसून विचारावं, “म्हणजे २० तारखेला ना?” शुक्रवार दोघांच्या मनात वेगवेगळा असू शकतो.

आता कधी विचारायचं? तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच नको. कामाचे दोन दिवस जाऊ द्या. आमच्या या भगिनीचा शुक्रवार गेला, मग शनिवार आणि सोमवार धरून मंगळवारी २४ तारखेला सकाळी लिहायचं. ज्या कार्यालयाला शनिवारी सुट्टी असते, तिथे शनिवार धरू नये.

उशीर का होतो, तेही समजून घ्या, म्हणजे मनाला उगाच घोर लागत नाही. कधी सही करणारे साहेबच गावाला गेलेले असतात. कधी पगाराच्या रकमेला मंजुरी यायची असते. आणि कधी पहिल्या पसंतीच्या उमेदवाराला पत्र गेलेलं असतं, तिचं उत्तर यायचं असतं, तोवर दुसऱ्या पसंतीच्या बाईला ना हो म्हणता येत, ना नाही. म्हणून गप्प राहतात. गप्प राहणं म्हणजे नकारच, असं नाही. पण होकारही नव्हे.

पत्र लिहायचं ते ज्यांनी तारीख दिली त्यांनाच. त्यांना वगळून थेट संस्थेच्या अध्यक्षांना लिहिलं, तर त्या बाईंना आपली तक्रार केल्यासारखं वाटतं. मुलाखतीला बोलावणाऱ्या ई-मेललाच उत्तर म्हणून लिहा, म्हणजे त्यांना आपला कागद शोधावा लागत नाही. मी तिला असा मजकूर दिला:

“विषय: लेखा सहायक पद, १० तारखेची मुलाखत. नमस्कार. १० तारखेला आपण मुलाखतीसाठी वेळ दिलात, त्याबद्दल आभारी आहे. निर्णय २० तारखेपर्यंत कळेल असे आपण सांगितले होते. निर्णय झाला आहे का, आणि झाला नसल्यास अंदाजे कधीपर्यंत होईल, हे कळवावे. माझ्याकडून आणखी काही कागद हवे असल्यास तेही सांगावे. मला या कामात रस आहेच.” खाली नाव आणि स्वतःचा मोबाइल नंबर.

बस्स, एवढंच. “आपण दिलेला शब्द पाळला नाहीत” नको, “घरची अडचण आहे हो” नको, आणि “उशीर होतोय, क्षमस्व” तर मुळीच नको. उशीर आपण केलेला नाही. मजकुरात नव्या तारखेचा प्रश्न असायलाच हवा. नुसतं “माझ्या अर्जाचं काय झालं” विचारलं, तर “प्रक्रिया सुरू आहे” असं उत्तर येतं आणि आपण होतो तिथेच राहतो.

दोन दिवस उत्तर आलं नाही. एरवी मी आठवडाभर थांबायला सांगितलं असतं. पण गुरुवारी २६ तारखेला गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानानं तिला हिशेबाच्या कामासाठी बोलावलं. पगार शाळेपेक्षा कमी, पण घरापासून दहा मिनिटांवर. शनिवारी २८ तारखेपर्यंत हो-नाही सांगायचं. आता थांबून चालणार नव्हतं. शुक्रवारी अकराच्या सुमारास, सकाळची घाई ओसरल्यावर, तिनं शाळेत फोन केला आणि सरळ सांगितलं, “बाई, मला दुसरीकडून बोलावणं आलंय, उद्यापर्यंत उत्तर द्यायचंय. माझी पसंती तुमच्या शाळेला आहे. उद्याच्या आत काही कळू शकेल का?”

हे खरं असेल तरच बोलावं, बरं का. खोटंच सांगितलं आणि समोरून “मग तुम्ही ती घ्या” असं आलं, तर आपल्याजवळ ना ही, ना ती.

बाई घटकाभर थांबल्या आणि म्हणाल्या, “खरं सांगू? एकीला पत्र गेलंय. तिनं ५ तारखेपर्यंत मुदत मागितलीय. ती नाही म्हणाली तर तुम्हीच.” म्हणजे आमची भगिनी दुसरी होती! वाईट वाटलंच तिला. पण आता अंधारात हात मारायची वेळ उरली नाही. तिनं दुकानदारांना आठवडाभराची सवलत मागून पाहिली. ते सोमवारच्या पलीकडे थांबायला तयार नव्हते. एका जर-तरसाठी हातची नोकरी सोडायची नाही, असं ठरवून तिनं शनिवारी होकार दिला. शाळेतल्या बाईंना दोन ओळींचं पत्रही टाकलं: मी दुसरीकडे रुजू होत आहे, माझं नाव यादीतून काढावं. अशा पत्रानं पुढे वाट मोकळी राहते.

तुमच्या हातात दुसरं काही नसेल, तर पहिल्या पत्रानंतर आठवड्यानं एक फोन, आणि त्यांनी नवी तारीख दिली तर तीही उलटल्यावर आणखी एकदा विचारणा. तरीही उत्तर नाही, तर आपल्यापुरती ती जागा बंद समजा आणि दुसरे अर्ज सुरू ठेवा. रोज फोन केल्यानं निर्णय बदलत नाही, नाव मात्र लक्षात राहतं आणि तेही चांगल्या अर्थानं नव्हे. सरकारी भरतीला मात्र ही रीत लागू नाही. तिथे निकाल संकेतस्थळावर लागतो, तेव्हा तेच बघत राहावं.

आणि हो, लेखी पत्र हातात येईपर्यंत असलेली नोकरी सोडू नका. “तुमचं नक्की आहे” असं तोंडी कितीही गोड सांगितलं, तरीही!