दिवस भरलेल्या मैत्रिणीला 'झालं का?' विचारू नका

मागच्या महिन्यात मेहरूणमधली एक ताई छातीत धडधडतं म्हणून आली. पहिलटकरीण, डिलिव्हरीची तारीख उलटून एक दिवस झालेला. नाडी, बीपी, सगळं ठीक. मोबाईलवर मात्र सकाळपासून एकच प्रश्न: "झालं का गं?"

तुमचीही मैत्रीण आज-उद्यावर असेल, तर हा प्रश्न कृपया पाठवू नका. ती तारीख हा अंदाज असतो. नेमक्या त्या दिवशी शंभरात जेमतेम चार-पाच बाळं येतात. एखादा आठवडा मागेपुढे होणं अगदी नेहमीचं आहे. तारखेनंतरची तपासणी तेवढी चुकवायची नाही.

या ताईच्या एका मैत्रिणीने लिहिलेलं मला आवडलं: "अगं, मला तर आत्तापासूनच झोप लागत नाहीये! कळा आल्या की घड्याळ बघ. उत्तर द्यायची घाई नाही. रात्री दोनलाही फोन कर, गाडी तयार आहे."

घड्याळ बघायचं म्हणजे काय? एक कळ सुरू झाल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ मोजायचा. बरेच जण कळ थांबल्यापासून मोजतात, तिथे चुकतं. त्याच रात्री ताईचं पोट कडक होऊ लागलं. आधी बारा मिनिटांनी, मग वीस, मग आठ. पाणी पिऊन ती कुशीवर पडली, तासाभरात सगळं शांत. या खोट्या कळा. दोन दिवसांनी पहाटे कंबरेतून पोटाकडे कळा येऊ लागल्या. दहा मिनिटांनी, मग सात, मग पाच. प्रत्येक कळ जवळजवळ मिनिटभराची, चाललं तरी थांबेना आणि कळ आली की बोलणं तुटायचं. तासभर असं चालल्यावर ते निघाले, आणि वेळेत पोचले. दुसरं बाळंतपण असेल किंवा दवाखाना लांब असेल, तर याच्या बरंच आधी निघावं. दुसऱ्या वेळी पुष्कळदा लवकर उरकतं. आधीचं सिझर असेल तर कळा सुरू होताच निघायचं.

काही वेळा मात्र घड्याळ बाजूला ठेवायचं. पाणी गेलं (ते हिरवट असेल तर जास्तच घाई), अंगावरून लाल जाऊ लागलं, बाळाची हालचाल कमी वाटली, किंवा डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर कळा नसल्या तरी लगेच दवाखाना. गाडी नसेल तर १०८ ला फोन. "सकाळी बघू" म्हणणारं घरात कोणीतरी असतंच. त्यांचं ऐकू नका.

ताईला मुलगी झाली. मैत्रिणीने गाडी खरंच आणली होती. म्हणे, घाईत चप्पल दोन वेगवेगळ्या घातल्या होत्या.