नव्या घरातली पहिली रात्र

विभक्त झाल्यावर किंवा बदलीमुळे एकट्याने राहू लागलेले अनेकजण बाह्यरुग्ण विभागात येऊन एकच मागणी करतात : ‘डॉक्टर, झोपेची गोळी द्या.’ ती लगेच देणे बहुतेक वेळा योग्य नसते.

अनोळखी जागी पहिल्या रात्री झोप बिघडते, ती मन कमकुवत असते म्हणून नव्हे. अमेरिकेतील ब्राऊन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की त्या रात्री मेंदूचा डावा अर्धगोल उजव्याइतका गाढ झोपत नाही. तो जणू पहारा देतो आणि अनोळखी आवाजाला लवकर प्रतिसाद देतो. काही दिवसांनी त्याच जागी पुन्हा झोपल्यावर हा फरक दिसला नाही. लिफ्टचा खडखडाट किंवा शेजारच्या दाराचा आवाज ऐकून छातीत धडधडते, ते यामुळे. शेजारी माणूस असला, की हा पहारा वाटून घेतल्यासारखा असतो; एकट्याला तो सगळा स्वतःच करावा लागतो.

खरी अडचण पुढे होते. समजा, लालबागच्या गजबजलेल्या चाळीतून एक बाई उलव्याच्या वन-रूम-किचनमध्ये एकट्या राहायला आल्या. संध्याकाळ खायला उठते म्हणून त्या दहालाच अंथरुणावर पडतात. झोप लागते दीडला, जाग येते सहाला. म्हणजे अंथरुणात आठ तास, झोप साडेचार. उरलेले साडेतीन तास भीती आणि आठवणी यांचे. काही आठवड्यांत अंथरूण म्हणजेच भीती, असे समीकरण पक्के होते.

उपाय उलटा आहे. त्यांनी साडेबारापर्यंत झोपायला जाऊ नये आणि उठावे मात्र सहालाच. दुपारची डुलकी नको. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असे वाटले, तर उठून स्वयंपाकघरात मंद दिव्यात बसावे. घड्याळ आणि मोबाईल पाहू नये. कडी एकदाच तपासावी. पंख्याचा एकसुरी आवाज बारीकसारीक आवाज झाकतो. अंथरुणातला बहुतेक वेळ झोपेत जाऊ लागला, की दर आठवड्याला झोपायची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे आणावी. पहिले काही दिवस दिवसा पेंग येते. त्यामुळे वाहनचालकांनी, तसेच फिट्स किंवा बायपोलर आजार असणाऱ्यांनी हे डॉक्टरांना विचारूनच करावे.

झोपेसाठी घेतलेली दारू सुरुवातीला गुंगी आणते, पण उत्तररात्री झोप मोडते. झोपेच्या अनेक गोळ्यांची सवय लागते.

घाबरून जाग आली, तर तो झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोहोचून ओसरतो. मात्र छातीत दुखले किंवा दम लागला, तर भीती समजून थांबू नका, रुग्णालय गाठा. घोरता घोरता गुदमरून जाग येत असेल, तर तपासणी करून घ्या. जगणे नकोसे वाटत असेल, तर सकाळची वाट न पाहता टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोला. ही सरकारी सेवा मोफत आहे आणि रात्रीही सुरू असते.