परीक्षेत नसलेल्या सिटअप्स

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की शिरूर-चौफुला रस्त्याच्या कडेला पहाटे पाचलाच पावलं वाजू लागतात. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट, क्रमांक पाच आणि सात, गेली कित्येक वर्षं आहेत. त्यामुळे दोन्ही तालुक्यांतल्या मुलांना ‘ग्राउंड’ म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. याच मुलांपैकी कुणाच्या तरी कमरेत एखाद्या सकाळी चमक निघते आणि मग दोन सल्ले मिळतात. घरचे म्हणतात, ‘पंधरा दिवस झोपून राहा.’ मैदानावरचे म्हणतात, ‘दुखणं दाबून कर, आपोआप मोकळं होईल.’ दोन्ही सल्ले चुकीचे आहेत. पहिल्याने दम आणि पायांची ताकद जाते, दुसऱ्याने आठवड्याचं दुखणं तीन महिन्यांवर जातं.

झोपून राहण्याचा सल्ला तर केव्हाच मोडीत निघाला आहे. फिनलंडमधल्या हेलसिंकी महापालिकेच्या 186 कर्मचाऱ्यांवरचा एक अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. कंबर अचानक धरलेल्या या लोकांपैकी काहींना दोन दिवस अंथरुणात विश्रांती दिली, काहींना कमरेचे ठरावीक व्यायाम दिले आणि उरलेल्यांना सोसेल तेवढी रोजची कामं करत राहायला सांगितलं. सर्वांत लवकर बरे झाले ते तिसऱ्या गटातले. विश्रांतीवाले सर्वांत मागे राहिले. मात्र हालचाल चालू ठेवायची याचा अर्थ दुखावणारी तीच हालचाल रेटत राहायची असा नव्हे. भरतीच्या सरावात नेमकी इथेच गल्लत होते.

समजा, दौंड तालुक्यातला बावीस वर्षांचा एक उमेदवार आहे. पहाटे साडेचारला उठतो, मोटारसायकलवरून मैदानावर येतो, थोडं पळून पायाची बोटं धरायला वाकतो. मग शंभर सिटअप्स, पन्नास जोर, दोनशे बैठका, त्यानंतर गोळाफेक. घरी गेल्यावर वैरण कापायची आणि भारा डोक्यावर घ्यायचा. त्याची कंबर बेल्ट बांधतो त्या रेषेच्या आसपास दुखते, कधी कुल्ल्यापर्यंत जाते, त्याखाली नाही. पुढे वाकलं, मोज्यात पाय घातला, मोटारसायकलवर अर्धा तास बसलं की वाढते. चालल्यावर आणि पालथं पडल्यावर बरं वाटतं.

एवढ्या माहितीवरून कमरेत नेमकं काय बिघडलं ते सांगता येत नाही, आणि बहुतेक कंबरदुखीत ते एक्स-रे काढूनही सांगता येत नाही. पण सध्या कोणती दिशा सोसत नाही, हे कळतं. या मुलाला पुढे वाकणं सोसत नाही. म्हणून कंबर गोल करणाऱ्या गोष्टी तेवढ्या बदलायच्या, बाकी सराव चालू ठेवायचा.

पहिला बदल वेळेचा. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी माणसाची उंचीही किंचित जास्त भरते. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकलं तर या फुगलेल्या चकत्यांवर ताण दिवसापेक्षा बराच जास्त येतो. जुनी कंबरदुखी असलेल्या लोकांना सकाळचे पहिले दोन तास वाकणं टाळायला सांगितल्यावर त्यांचे दुखण्याचे दिवस कमी झाले, असं स्नूक या अमेरिकी संशोधकाने 1998 मध्ये दाखवलं. आपल्याकडे मात्र साडेचारला उठलेला मुलगा पाचला सिटअप्स घालत असतो. त्याने पहाटे चालावं, पळावं. जोर-बैठका आणि वजनं संध्याकाळी घ्यावीत. बोटं धरून ताणणं तर काही आठवडे बंदच ठेवावं. ताणल्यावर क्षणभर मोकळं वाटतं, पण तासाभराने कंबर पुन्हा धरते आणि माणूस पुन्हा ताणतो.

आता सिटअप्स. महाराष्ट्र पोलीस शिपायाच्या मैदानी चाचणीत पुरुषांना 1600 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक असते. महिलांना पहिल्याच्या जागी 800 मीटर. राखीव बलाच्या चाचणीत 5 किलोमीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. यात सिटअप्स कुठेही नाहीत, जोरही नाहीत. ज्यात एकही गुण नाही त्या व्यायामासाठी कंबर पणाला लावायची, हा आपल्या भरती-सरावातला निव्वळ रिवाज आहे. अमेरिकेच्या मरीन दलाने तर 2023 पासून पोटाच्या ताकदीची चाचणी क्रंचेसऐवजी प्लँकवर आणली.

सिटअपमध्ये कंबर शंभर वेळा गोल होते. त्याऐवजी कॅनडातले पाठीचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांची पद्धत घेता येते. उताणं झोपायचं, एक पाय सरळ, दुसरा गुडघ्यात वाकवलेला. दोन्ही तळहात कमरेखालच्या पोकळीत ठेवायचे, म्हणजे ती पोकळी दबली की लगेच कळतं. मग डोकं आणि खांदे जमिनीपासून जेमतेम उचलून आठ-दहा सेकंद धरायचं. वरून पाहणाऱ्याला काही चाललंय असं वाटूही नये. असं सहा वेळा, थोडं थांबून चार वेळा, मग दोन वेळा. जोडीला कुशीवरचा प्लँक, सुरुवातीला गुडघे टेकवून. आणि रांगण्याच्या स्थितीत उजवा हात पुढे, डावा पाय मागे, मग उलट. तिन्ही मिळून पंधरा मिनिटं पुरतात. दोनशेचा आकडा सांगण्यातला रुबाब यात नाही, आणि बहुतेक मुलं हा व्यायाम त्याच कारणाने सोडतात.

बैठकांचा दोष बैठकीत नाही, खोलीत आहे. अगदी खाली टेकताना ढुंगण आत वळतं आणि कंबर गोल होते. बाजूने मोबाइलवर चित्रण केलं तर ती जागा स्पष्ट दिसते. त्या जागेच्या वर थांबायचं. त्यासाठी मागे खुर्ची किंवा बाक ठेवून हलकं टेकायचं आणि उठायचं. वजन हवंच असेल तर पाच-दहा किलोचा डंबेल छातीशी धरायचा. खांद्यावर बार नको. हे फारच सोपं वाटू लागलं तर मागचा पाय पायरीवर ठेवून एका पायावर बैठक. अशा बैठकीत पायाला भरपूर काम पडतं, पाठीवरचं वजन मात्र निम्म्यावर येतं. धावणाऱ्याला नाही तरी एका वेळी एकाच पायावर जोर द्यायचा असतो. जिममध्ये डेडलिफ्ट करणाऱ्याने जमिनीवरून बार उचलणं थांबवून उताणं झोपून नितंब उचलण्याचा व्यायाम घ्यावा: टाचा रोवायच्या, वर तीन सेकंद थांबायचं. ताण मांड्यांच्या मागे आणि नितंबात जाणवला पाहिजे. कमरेत जाणवला तर माणूस गरजेपेक्षा वर उचलतो आहे.

जोराबाबत थोडी सावधगिरी. तालमीतल्या जोरात शरीर आधी उलट्या ‘व्ही’सारखं होतं, मग जमिनीलगत जाऊन छाती वर येते. म्हणजे कंबर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाते. काही दिवस त्याच्या जागी साधे पुशअप, तेही हात पायरीवर ठेवून, शरीर फळीसारखं सरळ. तालमीतल्या वस्तादांना हे पटणार नाही. पण दंड आणि छातीला काम तेवढंच मिळतं.

गोळाफेकीत सगळ्यांचं लक्ष फेकीवर असतं आणि दुखापत उचलण्यात होते. पुरुषांचा गोळा 7.26 किलोचा. एका सराव-सत्रात पंचवीस फेकी म्हणजे पंचवीस वेळा कंबर वाकवून तो मातीतून उचलणं, तेही दमलेल्या अंगाने. उपाय साधा आहे: जोडीदाराने गोळा हातात द्यावा. एकटं असल्यास एक गुडघा टेकून उचलावा. फेकी दहावर आणाव्यात, सरकत न येता जागेवरून फेकाव्यात. फेकताना अंग वळवलं की कमरेत कळ येत असेल, तर दोन आठवडे फेक बंद ठेवून तो जोर तिरप्या पुशअपने टिकवावा.

धावणं बहुधा सोडावं लागत नाही. डांबराऐवजी शेतरस्त्याची माती, लांब टांगेऐवजी छोटी आणि भरभर पावलं, आणि पूर्ण वेगाच्या 100 मीटरऐवजी चढावर पळणं. चढावर पाय जोरात आपटत नाही, पण दम तेवढाच लागतो. सायकल हा पर्याय या मुलासाठी नाही, कारण ती वाकूनच चालवावी लागते.

बदल लागू पडला की नाही, हे दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. दुखणं शून्य ते दहा असं मोजलं, तर व्यायाम करताना तीनपर्यंत चालेल. पण दुसऱ्या सकाळी कंबर आदल्या सकाळपेक्षा जास्त धरलेली असेल, तर कालचं काहीतरी जास्त झालं. अशा वेळी सगळं बंद करण्याऐवजी आदल्या दिवशी नवीन वाढवलेली एकच गोष्ट निम्म्यावर आणावी. यासाठी एका दिवशी एकच गोष्ट वाढवायची असते. आणि हिशेबात वैरणीचा भाराही धरायचा. कमरेला मैदान आणि गोठा असा फरक कळत नाही.

हे सगळं पुढे वाकल्यावर दुखणाऱ्या कमरेचं. मागे झुकल्यावर, उभं राहिल्यावर किंवा पालथं पडल्यावर ज्याचं दुखतं, त्याला यातलं बरंच उलटं लागू होतं: त्याला सायकल सोसते, पालथे व्यायाम सोसत नाहीत. वीसच्या आतबाहेरच्या, फेकणाऱ्या किंवा गोलंदाजी करणाऱ्या मुलाला मागे झुकल्यावर एका बाजूला ठरावीक जागी दुखत असेल, तर मणक्याच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो. त्याने व्यायाम बदलत बसू नये, अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावं. कळ गुडघ्याखाली उतरणं, पाऊल उचलताना ते लुळं पडणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांनाही डॉक्टरच लागतात. आणि मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला मोठं रुग्णालय गाठावं.

वाकणं हे मुळात वाईट नाही. शेतात ते टळणारही नाही, आणि आयुष्यभर कंबर जपत फिरणाऱ्याची कंबर अधिकच आखडते. दोन आठवडे सकाळचं आखडणं नसेल, तर जुन्या हालचाली एकेक करून परत आणायच्या. आधी बैठकीची खोली वितभर वाढवायची, आठवड्याने गोळा स्वतः उचलायचा, त्यानंतर जोर. सिटअप्स सगळ्यांत शेवटी, आणि तेही कुणाला हव्याच असतील तर.